डोक्यावरचा चट्टा: लेकराचा वेगळा, बापाचा वेगळा

गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब दवाखान्यात आले. आई, बाबा, सात वर्षांचा मुलगा आणि सोबत आजी. मुलाच्या डोक्यावर दोन ठिकाणचे केस गेले होते. बाबांच्या दाढीत हनुवटीच्या डाव्या बाजूला एक आणि डोक्यात मागे एक, असे दोन गोल चट्टे होते. आजीने बसता बसता निदानही सांगून टाकले, "डॉक्टर, बापाला चाई लागली, तीच पोराला लागली. एका उशीवर झोपतात दोघं."

आईने पिशवीतून एक अर्धी पिळलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली. मेडिकलमधून आणलेली, कोणाच्याही चिठ्ठीशिवाय. दोघांनाही पाच आठवडे तीच लावत होते. "ह्यांना गुण आला," आई म्हणाली, "दाढीत बारीक केस यायला लागलेत. पण ह्याचं मात्र वाढतच चाललंय. ह्याला जरा जास्त पावरची लिहून द्या."

हा लेख मी त्या एका वाक्यामुळे लिहितो आहे. एकाच घरात, एकाच ट्यूबने, बापाला गुण आला आणि लेकराचे नुकसान झाले. ट्यूबची 'पावर' कमी पडली म्हणून नव्हे. दोघांचे आजारच वेगळे होते. बाबांना खरोखर चाई होती आणि मुलाला डोक्याच्या केसांचे गजकर्ण होते. दिसायला दोन्ही गोल चट्टेच. पण एक संसर्ग आहे आणि दुसरा नाही. एकाला पोटातून औषध लागते, तर दुसऱ्यावर ते औषध पूर्णपणे वाया जाते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. लहान मुलाच्या डोक्यावर केस गेल्याचा चट्टा दिसला, की तो बुरशीचा नाही हे ठरेपर्यंत तो बुरशीचाच धरावा. आणि मलमाची ट्यूब उघडण्याआधी त्या चट्ट्यातला एक तुटका केस सूक्ष्मदर्शकाखाली जावा. मोठ्या माणसाच्या बाबतीत याच्या उलट: गुळगुळीत गोल चट्टा दिसला तर आधी चाईचा विचार करावा, आणि बुरशीची औषधे अंदाजाने देऊ नयेत. हे इतके साधे आहे. तरीही रोज चुकते, आणि चुकणाऱ्यांत आम्ही डॉक्टरही आहोत.

मुलाच्या डोक्यावर काय दिसले

मुलाला खिडकीजवळ उजेडात बसवले. कानाच्या वर पाच रुपयांच्या नाण्याएवढा एक चट्टा होता. लांबून टक्कल वाटत होते, पण जवळून पाहिले तर तिथली त्वचा गुळगुळीत नव्हती. तिच्यावर राखाडी, कोंड्यासारखी पापुद्रे सुटणारी खपली होती. केस मुळापासून गळलेले नव्हते, कातडीच्या अगदी लगत तुटलेले होते. त्यामुळे चट्ट्यात काळे ठिपके ठिपके दिसत होते, जसे दाढी करून एक दिवस झाला की दिसतात तसे. चिमट्याने एक खुंट धरला तर तो न दुखता सहज निघाला.

दुसरा चट्टा टाळूच्या मागे होता. तिथे बोट ठेवले तर मऊ, पिलपिलीत सूज लागली. मुलाने डोके मागे घेतले, दुखत होते. मानेच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढ्या तीन-चार गाठी हाताला लागल्या. आमच्याकडे याला अवधाण आले म्हणतात. खाज सुटते का विचारले, तर आई म्हणाली, "आधी फार होती. ट्यूबनं खाज गेली, म्हणून तर लावत राहिलो."

या पाच गोष्टी लक्षात ठेवा: खपली, तुटके केस, काळे ठिपके, खाज आणि मानेतल्या गाठी. पाचही एकदम असतीलच असे नाही. पण मुलाच्या डोक्यावरच्या चट्ट्यात खपली आणि तुटके केस दोन्ही असले, तर ते गजकर्ण असण्याची शक्यता फार मोठी असते. त्यात मानेतल्या गाठींची भर पडली, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

हा आजार मुख्यतः साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांचा आहे. वयात येताना डोक्याच्या त्वचेतील तेलकट स्राव बदलतो आणि त्यातली स्निग्ध आम्ले बुरशीला वाढू देत नाहीत, असे मानले जाते. म्हणूनच मुलाच्या डोक्यावर बुरशी असली, तरी त्याच घरातल्या मोठ्यांच्या डोक्यावर ती सहसा जोम धरत नाही. मोठ्यांना लागलीच तर अंगावर, मानेवर किंवा हातावर गजकर्णाचे गोल उठते.

मलम का पुरत नाही

अंगावरच्या गजकर्णाला मलम चालते, मग डोक्यावरच्याला का नाही, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि तो योग्यच आहे.

आपल्याकडे मुलांच्या डोक्यावर जी बुरशी बहुतेक वेळा सापडते, ती केसाच्या बाहेर राहत नाही. ती केसाच्या आत शिरते. केसाची नळी आतून पोखरून तिथे तिचे बारीक गोल कण ठासून भरतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस म्हणजे गोट्यांनी भरलेली लांबट पिशवी वाटते. आतून पोकळ झालेला केस कातडीच्या वर येताच मोडतो, तेच ते काळे ठिपके. बुरशी कातडीखाली केसाच्या मुळाकडेही उतरलेली असते. मलम यातल्या कशापर्यंतही पोचत नाही. ते वरची खपली ओली करते आणि थांबते.

पोटातून दिलेले औषध रक्तातून मुळाशी जाते आणि नव्याने तयार होणाऱ्या केसात मुरते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. औषध मुरलेला नवा केस खालून वर येत राहतो आणि जुना रोगट भाग बाहेर ढकलला जातो. म्हणूनच या उपचाराला आठवडे लागतात. ग्रिसिओफुल्विन हे जुने औषध साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त द्यावे लागते. ते उपाशीपोटी नीट शोषले जात नाही, म्हणून दुधाबरोबर किंवा तूप-तेल असलेल्या जेवणानंतर द्यायचे. टर्बिनाफिन हे दुसरे औषध. आपल्याकडच्या नेहमीच्या बुरशीला ते साधारण चार आठवड्यांत पुरते. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पिल्लाकडून आलेल्या बुरशीला मात्र ग्रिसिओफुल्विन बरे पडते. म्हणून घरात नवे पिल्लू आले आहे का, आणि त्याच्या अंगावरचे केस गेले आहेत का, हे मी नेहमी विचारतो.

दोन्ही औषधांचे प्रमाण मुलाच्या वजनावर ठरते. शेजारच्या मुलाची चिठ्ठी आपल्या मुलाला चालत नाही.

आता त्या ट्यूबकडे येऊ. तिच्यावर तीन औषधांची नावे होती: एक बुरशीचे, एक जंतूंचे आणि तिसरे एक तीव्र स्टिरॉइड. आपल्या देशात गजकर्णावर सर्वांत जास्त लावले जाणारे मिश्रण हेच असावे. स्टिरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, म्हणून घरच्यांना गुण आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शरीर बुरशीशी जी झुंज देत असते, तीच स्टिरॉइडने मंदावते. खाज हा त्या झुंजीचा आवाज होता. तो बंद झाला आणि बुरशी निवांत पसरली. स्टिरॉइड असलेले मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सूज कापू नका

मुलाच्या टाळूमागची मऊ सूज हा या आजाराचा सर्वांत धोक्याचा टप्पा. गावाकडे याला खवडा म्हणतात. सूज येते, वर छिद्रे पडून पू येतो, केस चिकटून खपल्या धरतात, कधी तापही येतो. दिसायला हुबेहूब गळू. साहजिकच कोणालाही वाटते, पू आहे तर चिरून काढा.

इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी असाच एक सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. मी गळू समजून आठ दिवस जंतूंची औषधे दिली, आणि उतार पडेना म्हणून चिरा द्यायला पाठवले. चिरा दिला, त्यातून रक्त आणि थोडासा पातळ पू आला, आणखी काही नाही. आत पुवाचा साठा नव्हताच. जखम भरायला दीड महिना लागला. बुरशीचे निदान झाले ते त्यानंतर, दुसऱ्याच डॉक्टरांकडे. आज तो मुलगा पस्तिशीकडे आलेला गृहस्थ आहे. अजूनही माझ्याकडे येतो, त्याच्या मनात राग नाही. पण टोपी काढली की टाळूवर लिंबाएवढी चकचकीत, केस नसलेली जागा दिसते, आणि ती कायमची आहे. ती जागा मी दर वेळी पाहतो.

ती सूज म्हणजे बुरशीविरुद्ध शरीराने दिलेली जोराची प्रतिक्रिया असते. पू बहुतेक वेळा जंतूंचा नसतो, त्या प्रतिक्रियेचाच असतो. चिरून काही निघत नाही, फक्त व्रण वाढतो. यावर पोटातून बुरशीचे औषध लगेच सुरू करणे हाच उपाय. वर कोमट पाण्याने खपल्या भिजवून अलगद काढायच्या. जंतुसंसर्गाची वेगळी खूण असेल तरच जंतूंचे औषध. वेळ गेला तर केसाचे मूळ जळून जाते, तिथे व्रणाची कातडी येते आणि मग तिथे केस उगवत नाही. साध्या चट्ट्यातले केस परत येतात, या सुजेतले कधी कधी येत नाहीत. म्हणून मुलाच्या डोक्यावरच्या चट्ट्याला 'बघू महिनाभर' हे उत्तर मला मान्य नाही.

बाबांचा चट्टा

मग बाबांना उजेडात बसवले. वय चौतीस, टेंपो चालवतात. दाढीतला चट्टा रुपयाएवढा. त्वचा अगदी गुळगुळीत, नितळ, जणू तिथे कधी केस नव्हतेच. खपली नाही, लाली नाही, काळे ठिपके नाहीत. डोक्यातल्या चट्ट्याच्या कडेला मात्र तीन-चार मिलिमीटरचे काही आखूड केस होते, वर जाड आणि मुळाशी निमुळते. अक्षरलेखनातले उद्गारचिन्ह आठवा, तसेच. असे केस चट्ट्याच्या कडेला दिसले, तर ती चाईच. चट्ट्यात दोन-चार पांढरे केस तेवढे शाबूत होते, कारण हा आजार काळ्या केसांवर आधी रोख धरतो. मग मी त्यांची नखे पाहिली. तीन नखांवर शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे होते. मानेत गाठी नव्हत्या. खाज विचारली तर म्हणाले, "काहीच नाही. न्हाव्यानंच दाखवलं, तोवर कळलंही नव्हतं."

चाईला काही भागांत उंदरी लागणे असेही म्हणतात, आणि या नावामुळे अजूनही अनेकांना वाटते की केसांना कीड लागली आहे, किंवा रात्री उंदराने, झुरळाने केस खाल्ले आहेत. यात कीड नाही, जंतू नाही, बुरशी नाही. आपलीच रोगप्रतिकारशक्ती काही केसांच्या मुळांना परके समजून त्यांच्याभोवती गर्दी करते. मूळ मरत नाही, फक्त काम थांबवते. त्यामुळे चाईच्या चट्ट्यात व्रण पडत नाही आणि केस परत येण्याची शक्यता शिल्लक राहते, अगदी वर्षांनंतरही. शंभर माणसांत सुमारे दोघांना आयुष्यात कधीतरी चाई होते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. उशी, टॉवेल, वस्तरा, कंगवा, कशानेही नाही. कधी कधी घराण्यात मात्र असते, आणि अशा घरांत थायरॉइडचे आजार, अंगावरचे कोड किंवा दमा-अ‍ॅलर्जी जास्त आढळतात. बाबांच्या बहिणीला थायरॉइडची गोळी चालू होती.

मग ट्यूबने गुण कसा आला? दोन शक्यता. चाईचे एक-दोन लहान चट्टे असतील तर जवळजवळ निम्म्या लोकांत ते वर्षभरात आपोआप भरतात, काहीही लावले नाही तरी. दुसरे म्हणजे ट्यूबमधले स्टिरॉइड. तेच चाईवरचे एक औषध आहे. म्हणजे ज्या घटकाने बापाच्या केसाला मदत केली असेल, त्याच घटकाने मुलाच्या बुरशीला मोकळे रान दिले. आईच्या हिशोबात चूक नव्हती. तिने दोन माणसांवर एक औषध लावून फरक पाहिला होता. फक्त आजार दोन आहेत हे तिला कोणी सांगितले नव्हते.

आपोआप भरण्याची हीच सवय चाईच्या घरगुती उपायांना नाव मिळवून देते. कांद्याचा रस, लसूण घासणे, गुंज उगाळून लावणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे बिब्बा. केस आले की श्रेय शेवटच्या उपायाला जाते. कांद्याने सहसा मोठे नुकसान होत नाही. बिब्ब्याने भाजल्यासारखे फोड येतात, आणि त्या जखमेचा व्रण राहिला तर जो केस आपोआप येणार होता, तोही येत नाही.

एकाच घरातले दोन उपचार

मुलाच्या चट्ट्यातले चार-पाच खुंट आणि थोडी खपली खरवडून त्वचारोगतज्ज्ञ मित्राकडे पाठवली. तपासणी अगदी साधी आहे. काचपट्टीवर केस ठेवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्याने केस विरघळून पारदर्शक होतो आणि आतली बुरशी दिसते. उत्तर त्याच दिवशी मिळते. खपलीपेक्षा तुटका केस जास्त बोलतो, म्हणून केस पाठवणे महत्त्वाचे. संध्याकाळी फोन आला: केसाच्या आत गोल कण भरलेले. उरलेला नमुना बुरशी वाढवून पाहायला ठेवला, त्याचा निकाल तीन आठवड्यांनी आला: ट्रायकोफायटॉन व्हायोलेशियम. ही माणसाकडून माणसाला जाणारी, आपल्याकडची नेहमीची बुरशी.

सूज आलेली असल्याने मी फोनची वाट पाहिली नव्हती. खुणा इतक्या स्पष्ट असतील तर नमुना घ्यावा आणि औषध त्याच दिवशी सुरू करावे. वजन बावीस किलो होते, म्हणून यकृताची रक्ततपासणी पाठवून टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी अर्धी, दिवसातून एकदा. ट्यूब बंद. आठवड्यातून दोनदा २ टक्के किटोकोनॅझोलच्या शाम्पूने डोके धुवायचे, फेस पाच मिनिटे ठेवायचा. शाम्पूने आजार बरा होत नाही, पण डोक्यावरून झडणारे बुरशीचे कण कमी होतात आणि इतरांना लागण्याचा धोका घटतो. म्हणून तोच शाम्पू घरातल्या सगळ्यांनी काही आठवडे वापरायचा. कंगवे, टोप्या, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवायचे आणि वेगवेगळे ठेवायचे.

आईने विचारले, "टक्कल करून टाकू का?" गरज नाही. बुरशी कातडीच्या खालीही आहे, ती वस्तऱ्याने निघत नाही. उलट वस्तरा दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर फिरला तर आजार घेऊन जातो. पोर मात्र वर्गात वेगळे पडते. "शाळा बंद करू का?" तेही नको. गोळी आणि शाम्पू सुरू झाले की मुलाने शाळेत जावे. टोपी आणि कंगवा कोणाला देऊ नये, एवढे पुरे.

मग मी तिसरा प्रश्न विचारला, जो आमच्याकडून नेहमी राहून जातो: घरात आणखी मुले कोण? चुलत बहीण होती, पाच वर्षांची. "तिला काही नाही, नुसता कोंडा आहे." दुसऱ्या दिवशी तिला आणायला सांगितले. दाट केसांखाली खपल्या होत्या आणि वेण्यांच्या मधल्या भांगात दहा-बारा काळे ठिपके. शाळकरी वयाच्या आधी डोक्यात खरा कोंडा फारसा होत नाही. त्या वयातल्या 'कोंड्याकडे' संशयाने पाहावे. तिचाही केस तपासला, बुरशी निघाली, तिलाही औषध दिले. तिला तसेच सोडले असते तर मुलगा बरा होऊन दोन महिन्यांत पुन्हा माझ्या दारात आला असता.

औषध सुरू झाल्यावर आठव्या दिवशी मुलाच्या कानामागे आणि छातीवर बारीक पुरळ आले. आईने घाबरून गोळी थांबवण्याआधी फोन केला, हे चांगले झाले. असे पुरळ बुरशी मरताना शरीराच्या प्रतिक्रियेने येऊ शकते, ते औषधाची अ‍ॅलर्जीच असते असे नाही. पण हा फरक घरी ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा. तपासून गोळी पुढे चालू ठेवली. चार आठवड्यांनी खपली गेली होती. पुन्हा केस तपासला, त्यात थोडी बुरशी शिल्लक होती, म्हणून आणखी दोन आठवडे. सहाव्या आठवड्यानंतरची तपासणी कोरी आली. केस दिसायला लागणे म्हणजे बरे होणे नव्हे, आणि केस अजून न दिसणे म्हणजे औषध फसणेही नव्हे. निकाल काचपट्टीवर लागतो.

बाबांना दाढीच्या चट्ट्यासाठी थांबायला सांगितले, कारण तिथे केस येऊ लागले होते. डोक्यातल्या चट्ट्यात त्वचारोगतज्ज्ञांनी स्टिरॉइडची अगदी थोड्या मात्रेची इंजेक्शने दिली, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा. पहिले केस पांढरे आले तेव्हा ते नाराज झाले. हे नेहमीचेच आहे, रंग पुढे भरतो. थायरॉइडची तपासणी केली, ती ठीक निघाली.

नियमाला अपवाद

वयावरून आडाखा बांधावा, निकाल देऊ नये. चाई मुलांनाही होते. गेल्या वर्षी एक नऊ वर्षांची मुलगी आली होती, तीन महिने ग्रिसिओफुल्विन घेऊन. चट्टा गुळगुळीत, कडेला उद्गारचिन्हे, केस एकदाही तपासलेला नाही. तिला बुरशी कधीच नव्हती. मुलांच्या चाईत, विशेषतः चट्टे डोक्याच्या मागच्या-बाजूच्या कडेने पट्ट्यासारखे पसरत असतील, नखे खराब असतील किंवा भुवया जात असतील, तर वाट न पाहता तज्ज्ञांकडे न्यावे. अशा चाईचा स्वभाव चिवट असतो. डोक्याचा मोठा भाग व्यापणाऱ्या चाईसाठी अलीकडे गोळ्याही आल्या आहेत. त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

उलट बाजूला, पाळी गेलेल्या स्त्रिया, मधुमेही आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांच्या डोक्यावर बुरशी धरू शकते. साठीतल्या बाईच्या डोक्यावर खपली असलेला चट्टा असेल आणि 'कोंड्याच्या' शाम्पूने हटत नसेल, तर तिचाही केस तपासावा. आणि चट्टा गुळगुळीत आहे पण केसांची छिद्रेच दिसत नाहीत, त्वचा आवळल्यासारखी आहे, तर ते दोन्हींपैकी काही नाही. व्रण पाडणारे वेगळे आजार असू शकतात, तिथे उशीर महागात पडतो. मुलगी सारखी एकाच जागी केस ओढत असेल तर तिथले केस वेगवेगळ्या लांबीचे तुटलेले दिसतात, तिला औषधापेक्षा कोणी शांतपणे विचारणारे हवे असते.

एक केस, एक काचपट्टी

माझ्या व्यवसायबंधूंचे म्हणणे मला माहीत आहे. सगळीकडे सूक्ष्मदर्शक नसतो, रोजंदारी बुडवून आलेली आई दुसऱ्यांदा येत नाही, ट्यूब दिली की पेशंट समाधानी होतो. यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत. पण मुलाला उजेडात बसवून खपली, तुटके केस आणि मानेच्या गाठी पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, दोन मिनिटे लागतात. आणि चार तुटके केस कोऱ्या कागदाच्या पुडीत घालून तालुक्याला पाठवता येतात, आईला जावे लागत नाही. तिसरा मुद्दा मात्र मी मानत नाही. ते समाधान पाच आठवडे टिकते आणि मग टाळूवर सूज येते.

तुमच्याकडून मला एकच हवे आहे. मुलाच्या डोक्यावर चट्टा दिसला की ट्यूब लावू नका. काही लावून झाले असेल तर ते लपवू नका, ट्यूब सोबत आणा. मलम लावलेल्या केसात कधी कधी बुरशी असूनही दिसत नाही, म्हणून हे सांगणे गरजेचे आहे. आणि डॉक्टरांना विचारा, "केस तपासायला पाठवायचा का?" हा प्रश्न उद्धटपणा नाही. मी पहिल्या वर्षी होतो तेव्हा मला तो कोणी विचारला असता, तर बरे झाले असते.

परवा ते कुटुंब पुन्हा आले होते, आजीच्या गुडघ्यासाठी. बाबांची दाढी भरली आहे. मुलाचा कानावरचा चट्टा कुठे होता हे शोधावे लागले. टाळूमागे करंगळीच्या नखाएवढी जागा मात्र मोकळी राहिली आहे, ती तशीच राहील. बाकीच्या केसांत ती झाकते. आजी अजून म्हणते की बापाचेच पोराला लागले. मी आता वाद घालत नाही. ट्यूब मात्र तिने स्वतः चुलीत टाकली, असे आईने सांगितले.